नातीचे पुस्तक-परीक्षण

माझी नात आठवीत शिकते. तिच्या शाळेच्या वार्षिक अंकात दर वर्षी एका मराठी पुस्तकाचे परीक्षण छापले जाते. यंदा ते लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. तिने ‘श्यामची आई’ निवडले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, ते बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या आठवणींच्या रूपात आहे, एवढी माहिती तिने स्वतः जमविली आणि साडेतीनशे शब्दांचा मजकूर तपासण्यासाठी माझ्यापुढे ठेवला. “दादाजी, फक्त चुका दुरुस्त करा, माझं लिहिणं बदलू नका,” अशी तिची अट होती. अट मला रास्त वाटली. बँकेतही लेखापरीक्षक नोंदी बरोबर आहेत की नाहीत ते पाहतो. व्यवहार स्वतः करीत नाही.

मजकूर प्रथम पेन्सिल हाती न घेता वाचावा, असा माझा प्रघात आहे. चुका शोधायच्याच म्हणून वाचू लागले की अर्थाकडे लक्ष राहत नाही. दुसऱ्या वाचनात कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा मेळ पाहावा. ऱ्हस्व-दीर्घ तिसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावे आणि तेही शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, म्हणजे डोळा वाक्याच्या ओघात वाहून जात नाही, प्रत्येक शब्दापाशी थांबतो. ताळेबंद जुळत नसला की आम्ही बेरीज खालून वर घेत असू, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या घरी मारवाडी व हिंदी मिसळून बोलतात. त्याची खूण पहिल्याच परिच्छेदात दिसली. ‘मी ही पुस्तक वाचली’ आणि शेवटाकडे ‘श्यामच्या आईची मृत्यू झाली’. हिंदीत पुस्तक आणि मृत्यू हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आणि मृत्यू पुल्लिंगी. म्हणून ‘हे पुस्तक वाचले’, ‘आईचा मृत्यू झाला’. अशी चूक शब्दकोशात नुसता शब्द पाहून सापडत नाही, कारण शब्द अचूकच लिहिलेला असतो. शब्दापुढे कोशात पुं., स्त्री., न. यांपैकी कोणते अक्षर आहे तेही पाहावे लागते. ‘आत्मा’ हा शब्द मात्र तिने बरोबर पुल्लिंगी लिहिला होता. तो घरातल्या स्वाध्यायात नेहमी कानावर पडतो, त्याचा हा परिणाम असावा.

पुढचे वाक्य अधिक मनोरंजक होते. ‘अळणी भाजी’ या कथेत आई भाजीत मीठ घालायला विसरते आणि वडील ती भाजी मुकाट्याने खातात. नातीने लिहिले होते, ‘आईने मीठ घालायला विसरली आणि वडीलांनी काहीच बोलले नाही.’ याचा दोष हिंदीला देता येणार नाही. हिंदीतही ‘माँ भूल गई’ असेच म्हणतात. भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो हा नियम तिने नको तितका मनावर घेतला होता. ‘आईने भाजी केली’ हे बरोबर. पण विसरणे, बोलणे, शिकणे अशा काही क्रियापदांच्या भूतकाळात कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याच्यामागे जाते. म्हणून ‘आई मीठ घालायला विसरली आणि वडील काहीच बोलले नाहीत’. वडिलांसाठी आदरार्थी बहुवचन, म्हणून ‘नाहीत’.

‘वडीलांनी’ हा शब्द वाक्याबरोबर गेला, तरी तो मी समासात पुन्हा लिहून दाखविला, कारण तो मजकुरात आणखी तीनदा आला होता. ‘वडील’ लिहिताना डी दीर्घ. पण प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप झाले की ती ऱ्हस्व होते, ‘वडिलांनी’. तसेच फूल आणि फुलांना, गरीब आणि गरिबाला. एवढे समजताच तिने ‘मुकी फुले’ या कथेविषयीचे वाक्य आपण होऊन दुरुस्त केले. ‘फूलांना’चे ‘फुलांना’ झाले. त्याच ओघात शेजारच्या ‘पूजेसाठी’चेही तिने ‘पुजेसाठी’ केले! येथे थांबवावे लागले. पूजा हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. अशा तत्सम शब्दाला सामान्यरूपातही हा नियम लागत नाही. शरीर, शरीराला, गीत, गीतात, पूजा, पूजेसाठी.

नियम कळला की तो सगळीकडे लावण्याचा मोह होतो, आणि माझ्या अनुभवात मोठ्यांच्या लेखनातही निम्म्या चुका अशाच शिरतात. ‘महत्त्व’ या शब्दात दोन त आहेत हे तिला वर्गात शिकविले होते, म्हणून तिने ‘मातृत्त्व’ लिहिले. महत् या शब्दाचा स्वतःचा एक त आणि ‘त्व’ प्रत्ययाचा दुसरा, म्हणून महत्त्व. मातृ या शब्दात असा सुटा त शेवटी नाही, म्हणून मातृत्व, नेतृत्व, कर्तृत्व. फोड करून पाहिली की पाठांतराची गरज उरत नाही.

मतभेद झाला तो एका अवतरणावरून. तिने पुस्तकातील दोन वाक्ये उद्धृत केली होती आणि ती आमच्या कपाटातील जुन्या प्रतीवरून जशीच्या तशी उतरविली होती; ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार त्यांत होते. माझे मत ते काढावेत असे. तिचे म्हणणे, दुसऱ्याच्या लेखनाला हात कसा लावायचा? प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर नियमावलीतच आहे. शासनाने १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्या अठरांपैकी एक नियम जुन्या उताऱ्यांविषयी आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे. त्यानंतरचे सर्व, या दोघांच्या लेखनासह, आजच्या नियमांनुसार छापावे. साने गुरुजींचे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गळतात. तिने नियम स्वतः वाचला, मगच खोडरबर उचलले. शब्द आणि त्यांचा क्रम अर्थातच मुळाबरहुकूम ठेवले.

एके ठिकाणी मात्र मी पेन्सिल टेकवली नाही. परीक्षणाची भाषा तिने ‘केले, गेले’ अशी ठेवली होती. परंतु श्यामच्या आईविषयी बोलताना एक वाक्य ‘मला रडू आलं’ असे उतरले होते. बोलण्यातील उच्चार दाखवायचा असेल तेथे असा अनुस्वार चालतो, एरवी ‘आले’ लिहावे, असे नियम सांगतो. हे वाक्य कोणाच्या तोंडी नव्हते, तेव्हा काटेकोरपणे पाहता ते बदलायला हवे होते. मी तिला नियम सांगितला आणि निर्णय तिच्यावर सोपविला. तिने ‘आलं’ ठेवले.

आठ दिवसांनी छापखान्यातून तपासणीसाठी पाने आली. वहीतला मजकूर संगणकावर उतरविताना ‘कोकणच्या दऱ्याखोऱ्यांत’चे ‘दर्याखोर्यांत’ झाले होते. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, दर्या म्हणजे समुद्र. कोकणात दोन्ही आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही आली नसती. ती चूक नातीनेच पकडली, आणि पानावर गोल करून बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘दऱ्या’.