फुकटच्या कपाचा हिशेब

निवासी वस्तीतील छोट्या कॅफेच्या काउंटरवर ठेवलेले शिक्क्यांचे कार्ड, म्हणजे नऊ वेळा कॉफी घेतल्यावर दहावी मोफत देणारी योजना, ही ग्राहक टिकवण्याची सर्वांत सोपी युक्ती मानली जाते. परंतु ती आखताना बहुतेक कॅफेचालक जो हिशेब मांडतात, त्यात एक मूलभूत चूक असते. मोफत दिलेल्या कपाचा खर्च म्हणजे त्यात गेलेल्या दूध, कॉफी आणि साखरेची किंमत, असे ते धरतात. हे तेव्हाच खरे असते, जेव्हा तो कप घेणारा माणूस त्या दिवशी एरवी कॉफी घ्यायला आलाच नसता. तो येणारच होता आणि पैसे देणारच होता, तर कॅफेने गमावलेली रक्कम ही त्या कपाची पूर्ण विक्री किंमत असते.

हा फरक आकड्यांत पाहण्यासाठी पुण्यातील कोथरूडसारख्या भागात वीस-पंचवीस खुर्च्या असलेल्या एखाद्या कॅफेची कल्पना करता येईल. तेथे कॅपुचिनोची किंमत कर वगळून १६० रुपये आहे असे धरू. एका कपाला साधारण १८ ग्रॅम कॉफी लागते, तिचा भाव किलोला १००० रुपये धरल्यास १८ रुपये होतात. १५० मिलिलिटर दुधाचे साडेदहा रुपये, आणि साखर, टिश्यू, सांडलवंड यांचे साडेसात रुपये मिळवले की कपामागे ३६ रुपये खर्च येतो. भाडे, पगार आणि यंत्राचा हप्ता हे खर्च एक कप अधिक विकला म्हणून वाढत नाहीत, त्यामुळे ते येथे धरायचे नाहीत. किमतीतून कपागणिक वाढणारा खर्च वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेला हिशेबाच्या भाषेत अंशदान म्हणतात, कारण भाडे-पगारासारखे स्थिर खर्च भागवण्यात त्या कपाचा तो वाटा असतो. येथे ते १२४ रुपये आहे.

आता दहा कपांचे एक पूर्ण कार्ड घेऊ. नऊ विकलेल्या कपांचे अंशदान १११६ रुपये होते आणि दहाव्याचा खर्च ३६ रुपये वजा करता १०८० रुपये उरतात. योजना नसती तर त्याच काळात हा ग्राहक किती वेळा आला असता, या एका प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून आहे. १०८० रुपये मिळवायला सुमारे ८.७ कप विकावे लागतात. म्हणजे जो ग्राहक एरवी ८.७ वेळा आला असता त्याला योजनेने दहा वेळा आणले, तर कॅफेचे ना नुकसान ना फायदा. दुसऱ्या शब्दांत, भेटींमध्ये जवळजवळ १५ टक्के वाढ झाली तरच ही योजना स्वतःचा खर्च भरून काढते. जो माणूस एरवीही दहा वेळा येतच होता, त्याच्या प्रत्येक कार्डामागे १६० रुपये, म्हणजे त्याच्याकडून मिळणाऱ्या अंशदानाचा सुमारे १३ टक्के भाग, हातचा जातो. ग्राहकाला दहा टक्के सवलत दिसते. कॅफेला ती त्याहून महाग पडते.

ही १५ टक्के वाढ कोणाकडून मिळू शकते, हे पाहिले की योजनेची खरी अडचण उघड होते. फिरून येताना रोज सकाळी कॉफीला थांबणारे गृहस्थ महिन्यातून पंचवीस वेळा येतात. ते सव्वीस वेळा येतील, पण एकोणतीस वेळा येणार नाहीत. त्यांची कार्डे मात्र सर्वांत आधी भरतात, महिन्याला अडीच. असे चाळीस नित्याचे ग्राहक असतील तर महिन्याकाठी १६,००० रुपये, म्हणजे एखाद्या मदतनिसाच्या पगाराच्या जवळ जाणारी रक्कम, कोणतीही नवी भेट न मिळवता वाटली जाते. वाढीला वाव असतो तो पंधरवड्यातून एकदा येणाऱ्या माणसाकडे, आणि तो दहाव्या कपापर्यंत पोहोचायला पाच महिने लागतील हे पाहून कार्ड पाकिटात ठेवून विसरतो.

या दुसऱ्या अडचणीवर संशोधनाने चांगला प्रकाश टाकला आहे. उद्दिष्ट जवळ येऊ लागले की प्रयत्नांचा वेग वाढतो, हे तत्त्व क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली उंदरांच्या प्रयोगांवरून मांडले होते. रान किवेट्झ, ओलेग उर्मिन्स्की आणि युहुआंग झेंग यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते कॉफीच्या कार्डांवर तपासले, तेव्हा कार्ड भरत आले की लोक दोन खरेदींमधील अंतर कमी करतात असे आढळले. कार्डाच्या आरंभापासून अखेरीपर्यंत हे अंतर सुमारे एक पंचमांशाने घटले होते. त्याच अभ्यासात दहा शिक्क्यांच्या रिकाम्या कार्डापेक्षा, दोन शिक्के आधीच मारून दिलेले बारा शिक्क्यांचे कार्ड अधिक वेगाने भरले गेले, जरी दोहोंत प्रत्यक्ष खरेदी दहाच करायची होती. परंतु या निष्कर्षाचा दुसरा भागही तेवढाच महत्त्वाचा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो: बक्षीस मिळाल्यावर आणि नवे कार्ड सुरू झाल्यावर वेग पुन्हा मंदावतो. शेवटच्या आठवड्यात दिसणारी लगबग ही संपूर्ण कार्डाची सरासरी नव्हे. तिच्या भरवशावर १५ टक्क्यांची अट पूर्ण होईल असे मानणे धोक्याचे आहे.

म्हणून अटच खाली आणणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि त्यासाठी बक्षिसाची वस्तू बदलावी लागते. बक्षीस जर तोच कप असेल तर ते विक्रीची जागा खाते. बक्षीस म्हणून ९० रुपये किमतीचा आणि ३० रुपये खर्चाचा केकचा तुकडा दिला, तर ग्राहक त्या दिवशीही कॉफीचे पैसे देतो आणि केक त्यासोबत खातो. बक्षीस घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांश लोकांनी तो तुकडा एरवी विकत घेतलाच असता असे सावधपणे धरले, तर त्यांच्या बाबतीत ९० आणि इतरांच्या बाबतीत ३० रुपये जातात, आणि सरासरी ५० रुपये पडते. शिक्क्यांची संख्या नऊवरून आठवर आणली तरी या बक्षिसासाठी भेटींमध्ये केवळ पाच टक्क्यांच्या आसपास वाढ पुरते. कार्डावर मात्र दहा चौकोन छापून दोन शिक्के मारून द्यावेत. त्याला कॅफेचा एक पैसाही लागत नाही. केक कॉफीइतका हवासा वाटणार नाही ही या बदलाची किंमत आहे, आणि म्हणून बक्षिसाची वस्तू त्या कॅफेची नावाजलेली, ताजी आणि एरवी थोडी चैनीची वाटणारी असावी. उरलेला माल खपवण्यासाठी बक्षीस वापरले तर ग्राहकाला ते पहिल्या घासात कळते.

मुदतीचा विचार याच सूत्राने करावा लागतो. पंधरवड्यातून एकदा येणारा ग्राहक नव्वद दिवसांत सहा वेळा येतो. कार्डाची मुदत नव्वद दिवस ठेवली तर आठ शिक्क्यांसाठी त्याला साधारण अकरा-बारा दिवसांनी यावे लागते, आणि एवढा बदल माणूस सवय न मोडता करू शकतो. तसे झाले तर सहा भेटींचे ७४४ रुपये अंशदान आठ भेटींमुळे, बक्षिसाचे ५० रुपये वजा जाता, ९४२ रुपये होते. तिमाहीत १९८ रुपयांचा निव्वळ लाभ. मुदत उलटलेले कार्ड आठवडाभर उशिराने आले तर ते मान्य करावे, कारण न वटवलेल्या कार्डांतून होणारी बचत मोठ्या विमान कंपनीला परवडते, रोज समोरासमोर भेटणाऱ्या शेजाऱ्यांच्या जिवावर चालणाऱ्या दुकानाला ती शोभत नाही.

तथापि नित्याच्या ग्राहकांचा भार अजून शिल्लक आहे. आठ शिक्क्यांच्या कार्डावर त्यांना महिन्याला तीनपेक्षा थोडे अधिक केक मिळतात, आणि चाळीस जणांचा तिमाही खर्च १८,७५० रुपयांवर जातो. तो भरून काढण्यासाठी पंधरवड्याने येणाऱ्या सुमारे पंचाण्णव ग्राहकांनी खरोखर आपल्या भेटी वाढवायला हव्यात. छोट्या कॅफेच्या आसपास एवढे लोक सापडणे कठीण आहे. एका व्यक्तीला एका महिन्यात एकच बक्षीस, असा सर्वांना सारखा लागू होणारा नियम केला तर तोच खर्च ६,००० रुपयांवर येतो आणि तीस-एकतीस ग्राहक पुरतात. या एका ओळीच्या नियमाइतका परिणाम कार्डाच्या रंगरूपाचा, ॲपचा किंवा जाहिरातीचा होत नाही. रोजच्या माणसाला कॅफेकडून जे हवे असते ते बहुधा सवलतीच्या पलीकडचे असते: त्याची खिडकीजवळची जागा, न सांगता कमी साखरेची कॉफी, नव्या भाजणीची पहिली चव. ते मनापासून द्यावे. त्याचा खर्च थोडा आहे आणि कॅफे त्या माणसाचे तेवढे देणेही लागतो.

शिक्का कपाला द्यावा की बिलाला, हा वरवर किरकोळ दिसणारा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. कपाला शिक्का दिला तर कचेरीतून चौघे येतात, एकाच कार्डावर चार शिक्के पडतात, आणि दोन फेऱ्यांत बक्षीस निघते, जरी भेटी दोनच झाल्या असल्या तरी. पुन्हा येण्याचे बक्षीस द्यायचे असेल तर एका बिलाला एकच शिक्का, आणि बिलाची किमान रक्कम एका कॅपुचिनोच्या किमतीला लागून, म्हणजे येथे १५० रुपये, ठेवावी.

योजना चालली की नाही हे ओळखताना कार्डधारक इतरांपेक्षा दुप्पट येतात, हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही, कारण वारंवार येणारेच आधी कार्ड घेतात. योजना सुरू करण्यापूर्वीचे किमान आठ आठवडे, ग्राहकाच्या संमतीने घेतलेल्या मोबाइल क्रमांकासह बिले नोंदवून ठेवली, तर नंतर त्याच व्यक्तीच्या पैसे देऊन झालेल्या आधीच्या आणि नंतरच्या भेटींची तुलना करता येते. मात्र त्यात परीक्षांचे दिवस, पाऊस आणि दिवाळीची सुट्टी यांमुळे होणारे चढउतार वेगळे काढावे लागतात. त्यासाठी क्रमांकाचा शेवटचा अंक सम असलेल्यांना कार्ड पहिल्या महिन्यात आणि विषम असलेल्यांना तिसऱ्या महिन्यात देण्याची पद्धत उपयोगी पडते, कारण मधल्या दोन महिन्यांत दोन्ही गटांवर ऋतू आणि सुट्ट्या सारख्याच लागू असतात. एकाच टेबलावर बसणाऱ्या दोघांपैकी एकालाच कार्ड मिळाले तर विचारणा होईल. तेव्हा कार्डे टप्प्याटप्प्याने दिली जात आहेत आणि पुढचा टप्पा अमुक तारखेला आहे, हे सरळ सांगावे. एवढी नोंद जमत नसेल, तर बक्षिसाच्या वस्तूची रोजची संख्या आणि गल्ल्यातील रोजची रक्कम एकाच वहीत शेजारी लिहावी. सहा आठवडे पहिला आकडा वाढत गेला आणि दुसरा जागेवरच राहिला, तर बक्षिसे येणारच असलेल्या लोकांना जात आहेत. कार्डे एका वेळी तीनशे-चारशेच छापलेली असली, तर पुढच्या छपाईत नियम बदलता येतात आणि ज्यांच्या हाती जुनी कार्डे आहेत त्यांना ती जुन्याच अटींवर पूर्ण करू देता येतात.