काकीसाठी एक पान

गेल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत आमच्या रत्नागिरीच्या दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप मी पुण्यात बसून चालवत होते. दुकान बाबांचं, राम आळीपासून चालत पाच मिनिटांवर. वर्षभर कोकम, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, काजू, आणि मार्च ते मे फक्त हापूस. बाबा काउंटरवरच्या माणसाशी बोलतात, मोबाईलवरच्या माणसाशी त्यांना बोलता येत नाही. म्हणून तो भाग माझ्याकडे आला. दुपारी डबा खाताना मी उत्तरं द्यायचे, मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाईल धरून द्यायचे.

त्याआधीच्या सीझनला एका बाईंनी घरच्या साखरपुड्यासाठी दोन पेट्या तयार आंबा मागितला. सकाळी बाबांनी फोनवर सांगितलं होतं की तयार माल आहे. मी दुपारी दीड वाजता ‘हो, मिळेल’ असं कळवलं. त्याच्या तासभर आधी बाबांनी त्या दोन्ही पेट्या काउंटरवर आलेल्या माणसाला देऊन टाकल्या होत्या. मला कसं कळणार? आणि त्यांना तरी का सांगावंसं वाटावं? संध्याकाळी बाबा स्कूटर घेऊन दोन बागायतदारांकडे फिरले, ओळखीतून जास्त भावाने पेट्या उचलल्या आणि रात्रीच्या बसला चढवल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते न बोलणंच मला जास्त लागलं.

माझा प्रश्न वेळ पुरत नाही एवढाच आहे असं मी तोवर धरून चालले होते. त्या दिवशी समजलं की उत्तर देणारं माणूस आंब्याशेजारी असायला हवं. म्हणजे काकी, आणि दुपारी तीन ते सहा येणारी कॉलेजातली एक मुलगी. मग मी त्यांच्यासाठी हँडओव्हर लिहायला बसले.

ऑफिसात आम्ही हँडओव्हर डॉक्युमेंट लिहितो तसंच लिहिलं. चौदा पानं, स्क्रीनशॉट, लाल बाण, अनुक्रमणिका. पीडीएफ पाठवली. काकीने अंगठा पाठवला. पंधरा दिवसांनी मी घरी गेले तेव्हा विचारलं, वाचलंस का गं? ती म्हणाली, “अगो, ती उघडली की अक्षरं मुंगीएवढी होतात.”

मग मी वेगळं केलं. काउंटरच्या मागे स्टुलावर बसले, काकीच्या हातात दुकानाचा मोबाईल दिला आणि सांगितलं की मी एक अक्षर बोलणार नाही, तू उत्तरं दे. आमच्या क्षेत्रात नवा अ‍ॅप लोकांना वापरायला देऊन असं गप्प बसून बघतात. सख्ख्या काकीसमोर गप्प बसणं फार कठीण जातं.

पहिल्या दहा मिनिटांत ती तीन ठिकाणी अडली, आणि त्यातलं एकही माझ्या चौदा पानांत नव्हतं. मोबाईलमध्ये दोन व्हॉट्सअ‍ॅप, एक साधा आणि एक ‘B’ लिहिलेला बिझनेसचा. तिने साधा उघडला आणि गिऱ्हाइकांचे मेसेज शोधत बसली. मग लेबल म्हणजे काय ते तिला कळेना. तिच्यासाठी लेबल म्हणजे आगळाच्या बाटलीवर चिकटवतात ते. (मी आता त्याला ‘रंगाची खूण’ म्हणते. पैसे यायचेत ती एका रंगाची, आले ती दुसऱ्या.) तिसरी अडचण सगळ्यात मोठी होती आणि ती खरं तर माझ्यामुळे होती.

एकाच बिझनेस खात्याला मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात. त्यातलं एक माझा लॅपटॉप होता. मी पुण्यात मेसेज नुसता उघडून पाहिला तरी दुकानातल्या मोबाईलवरचा न वाचल्याचा हिरवा आकडा निघून जायचा. काकीला वाटायचं, पोरीने उत्तर दिलं असेल. मला वाटायचं, काकी देईल. वर नव्या गिऱ्हाइकाला ‘नमस्कार, लवकरच उत्तर देतो’ असा आपोआप जाणारा मेसेज मी लावून ठेवला होता. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला उत्तर गेल्यासारखंच दिसायचं. गेल्या दोन सीझनमध्ये असे किती जण वाट बघून दुसरीकडे गेले असतील, ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही म्हणा.

म्हणून नव्या कागदावर पहिली ओळ हीच आली: ज्याने उघडलं, त्याने उत्तर द्यायचं. देता येत नसेल तर त्या चॅटवर बोट दाबून धरायचं आणि ‘न वाचलेलं’ करून सोडायचं. आपोआप जाणारा मेसेज मी काढूनच टाकला.

दुसरी ओळ दराबद्दल. हापूसचा दर मार्चमध्ये चढा असतो आणि मे उजाडला की उतरत जातो, कधी चार दिवसांत बदलतो. मी आधी इन्स्टाग्रामवर सुंदर फोटो टाकून त्यावर मोठ्या अक्षरात दर लिहायचे. तो फोटो कुणीतरी तीन आठवड्यांनी पुढे ढकलायचा आणि माणूस बाबांसमोर मोबाईल नाचवायचा. आता ठरलंय की दर फक्त स्टेटसला टाकायचा, कारण स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं. इन्स्टाग्रामवर फोटो जाईल तो त्या दिवशीच्या मालाचा, तारीख लिहून, दराशिवाय. त्या मुलीला इन्स्टाग्रामचा पासवर्ड मी दिलेला नाही. मेटा बिझनेस सूटमधून पोस्ट आणि मेसेज एवढाच अधिकार दिलाय. तिची परीक्षा आली किंवा तिने काम सोडलं तर तो काढून घेता येतो, पासवर्ड बदलत बसावं लागत नाही.

खरी मेहनत गेली ती तिसऱ्या ओळीत. ‘पेटीचा रेट काय?’ असं दिवसाला वीस जण विचारतात, आणि या प्रश्नाला एक उत्तर नाही. पेटी तेवढीच, पण फळ मोठं असेल तर त्यात चार डझन बसतात आणि लहान असेल तर सहा-सात. मी झटपट उत्तर तयार करून ठेवलं होतं, त्यात आकारांप्रमाणे सात दर. ते वाचून लोक गप्प होत. बाबा काउंटरवर काय करतात ते मी अर्धा दिवस बघितलं. ते दर सांगतच नाहीत. आधी विचारतात: किती डझन, खायला कधी हवेत, न्यायचे कुठे? मग एकच दर सांगतात. मी तेच तीन प्रश्न झटपट उत्तरात घातले. आता काकी `/dar` टाइप करते आणि ते तीन प्रश्न जातात.

‘खायला कधी हवेत’ हा प्रश्न मला इंजिनिअर असून सुचला नव्हता. मागच्या वर्षी अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला होती. 23 तारखेला पुण्याहून एकांनी पाच डझन मागितले. काकीने कागदावरची रीत धरून उलटं मोजलं. झाडावरून उतरवलेला कच्चा आंबा गवताच्या अढीत पिकायला साधारण आठ-दहा दिवस घेतो. आज कच्चा दिला तर रात्रीच्या बसने उद्या सकाळी पोचेल, पण सणाला अजून कडकच असेल. म्हणून चार दिवस अढीत काढलेला, नुकता रंग धरू लागलेला आंबा द्यायचा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो नेमका ताटात येतो. तिने उत्तर लिहिलं: ‘आज रात्रीच्या गाडीला देते. आल्यावर पेटी उघडून ठेवा, फ्रिजमध्ये घालू नका, मंगळवारी वास सुटेल.’ मी लिहिलं असतं तर ‘आपली ऑर्डर नोंदवली आहे’ असं लिहिलं असतं.

पैशांची ओळ मी लाल पेनने लिहिली. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्याशिवाय पेटी बसवर जात नाही. काउंटरवरचा बोलका डबाही इथे कामाचा नाही, कारण तो आमच्या क्यूआरवर आलेलेच पैसे बोलतो. कुणी नंबरवर थेट खात्यात पाठवले तर तो गप्प. शिवाय, पैसे घ्यायला आपल्याला कधीच पिन टाकावा लागत नाही. ‘मी मिलिटरीत आहे, पन्नास डझन हवेत, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असं सांगणारे फोन देशभर दुकानदारांना येतात. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. आणि सहा आकडी कोड कुणालाही सांगायचा नाही. मीसुद्धा मागितला तरी नाही. काकीने विचारलं, “तुला पण नाही?” म्हटलं, मला पण नाही, कारण माझ्या नावाने दुसरं कुणी मागू शकतं. हे तिला फार आवडलं. त्यानंतर मी काहीही मागितलं की ती आधी फोन करून आवाज ऐकते.

शेवटची ओळ तक्रारीची. हापूसमध्ये साका निघतो. वरून फळ अगदी देखणं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा भाग. बाहेरून तो ओळखता येत नाही, बाबांना चाळीस वर्षांनीही नाही. गिऱ्हाईक फोटो पाठवून चिडतं. इथे काकी थांबायची, बाबांना विचारायची, बाबा बागेत असायचे, आणि चिडलेला माणूस आणखी चिडायचा. मी बाबांना विचारलं, किती फळांपर्यंत तिने न विचारता भरपाई द्यायची? बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुकानात असा निर्णय त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला दिलेला नव्हता. माझ्या हातात मोबाईल होता, पण हा अधिकार मलाही नव्हता, हे मला तेव्हा लक्षात आलं. मग म्हणाले, “डझनाला दोन फळं. त्यावर गेलं तर मला फोन.” तसंच लिहिलं. पाच डझनाला दहा फळं, काकीच्या शब्दावर.

पान एवढंच. मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट न करता, वजनकाट्यामागच्या भिंतीला चिकटवलेलं. लॅमिनेट केलं की त्यावर पेन चालत नाही. मागच्या बाजूला फक्त माझ्या कामाचं: मुख्य मोबाईल चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं सुटतात, म्हणून पावसाळ्यात दुकान मंद असतानाही तो चार्ज करून इंटरनेटवर ठेवायचा. माझा लॅपटॉप मी मे महिन्यात यादीतून काढला. बटण दाबायच्या आधी दोन मिनिटं तशीच बसून राहिले.

गणपतीत घरी गेले तेव्हा पान बघितलं. कडा तेलकट झाल्यात. ‘लवकरात लवकर कळवतो असे लिहावे’ या माझ्या ओळीवर काकीने काट मारलीय आणि निळ्या पेनने लिहिलंय: ‘किती वाजता ते लिही.’ त्याखाली त्या मुलीचं अक्षर: ‘जोशात असलेल्यांना आधी कच्च्याचा फोटो पाठवायचा.’ याचा अर्थ मी तिला अजून विचारलेला नाही.