आकडा एक सांगतो, अक्षर दुसरंच : नोंदवहीचं पान कसं वाचायचं

माहिती अधिकारात मागितलेल्या खर्चाच्या नोंदवह्यांचे स्कॅन हल्ली आपल्या सोलापूर जिल्ह्यात गावोगावच्या ग्रुपवर फिरतात. कुणीतरी एका आकड्याला लाल गोल करतं, खाली 'घोटाळा' लिहितं, आणि संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडलेले असतात. घोटाळे होत नाहीत असं मी म्हणत नाही. पण तो लाल गोल करायच्या आधी एक काम करायला हवं. 'अंकी' रकमेच्या शेजारी 'अक्षरी' रकमेचा रकाना असतो, तो कुणी वाचतच नाही. आज त्याबद्दल.

अक्षरी रक्कम लिहायची पद्धत पडली ती आकडा बदलणं सोपं असतं म्हणून. ४,८५० च्या आधी एक १ ओढला की झाले १४,८५०. पण 'चार हजार'चं 'चौदा हजार' करायचं तर खाडाखोड दिसतेच. शेवटी 'फक्त' लिहितात तेही याचसाठी, पुढे काही जोडायला जागा राहू नये म्हणून.

स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट होते. आपल्याकडचे लिपिक मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच पानावर मिसळून लिहितात. घाईत काढलेला मराठी ४ आणि इंग्रजी आठ, मराठी १ आणि इंग्रजी नऊ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ओळखू येत नाहीत. एका आकड्याला शेजारचा आकडा आधार देत नाही. 'चौदा' या शब्दाचं एक अक्षर पुसट झालं तरी तो 'अठरा' वाचला जात नाही.

आता एक पान प्रत्यक्ष सोडवू. समजायला सोपं जावं म्हणून आकडे मी बसवलेत, पण पान असंच असतं.

१) दिवाबत्ती साहित्य : ४,८५० : चार हजार आठशे पन्नास फक्त
२) मोटार दुरुस्ती : १८,६०० : चौदा हजार सहाशे फक्त
३) गटार सफाई मजुरी : ७,२०० : सात हजार दोनशे फक्त
४) टँकर भाडे : ४९,५०० : एकोणसाठ हजार पाचशे फक्त
५) स्टेशनरी : २,३५० : दोन हजार तीनशे पन्नास फक्त
पानाची बेरीज : ७८,५००

हे काम दोघांनी करावं. आधी अंकी रकाना कागदाने झाकायचा. एकाने अक्षरी रक्कम मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने आकड्यात लिहून घ्यायची. मग अक्षरी रकाना झाकून अंकी रक्कम वेगळी उतरवायची. झाकायचं कारण असं की आकडा एकदा दिसला की डोळा शब्दही तसाच वाचतो. एक्सेलमध्ये दोन रकाने केले की तिसऱ्यात वजाबाकी येते. शून्य आलं तर पुढे जायचं, नाही आलं तर थांबायचं.

अक्षरी वाचताना मराठीचे काही सापळे आहेत. बासष्ट आणि पासष्ट, बत्तीस आणि छत्तीस यांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. अरुंद रकान्यात 'एकोण' वरच्या ओळीत आणि 'साठ' खालच्या ओळीत जातं. वरची ओळ रेघेत दबली की एकोणसाठचे साठ होतात. शिवाय आपण एकक आधी बोलतो. त्रेसष्टमध्ये तीन आधी, साठ नंतर. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला आठवतंय ना? तो उलटा क्रम इथेही नडतो. ऐकून लिहिणारा ६३ चे ३६ करतो. अशी अदलाबदल झाली की फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. ६३ वजा ३६, म्हणजे २७. ही खूण लक्षात ठेवा, पण तेवढाच पुरावा धरू नका.

आपल्या पानावर दोन ठिकाणी फरक निघतो. दुसऱ्या नोंदीत ४,००० आणि चौथ्या नोंदीत १०,०००. खरं काय मानायचं?

इथे बरेच जण सांगतात, 'अक्षरी रक्कमच खरी, कायदाच आहे.' कायदा आहे, पण तो १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, कलम १८. तो चेक आणि हुंडीसारख्या कागदांना लागू होतो. नोंदवहीला नाही. नोंदवहीत निवाडा करते ती पानाची बेरीज.

दोन नोंदींच्या दोन-दोन रकमा, म्हणजे चार शक्यता. सगळ्या अंकी रकमा धरल्या तर बेरीज ८२,५००. सगळ्या अक्षरी धरल्या तर ८८,५००. दुसरीची अंकी आणि चौथीची अक्षरी धरली तर ९२,५००. दुसरीची अक्षरी आणि चौथीची अंकी धरली तर ७८,५००. पानावर हीच बेरीज आहे.

म्हणजे मोटार दुरुस्तीत शब्द बरोबर. मूळ आकडा १४,६०० होता, आपण ४ ला इंग्रजी आठ वाचलं. टँकरच्या नोंदीत मात्र आकडा बरोबर आणि शब्द लिहिणाऱ्याचा हात चुकला. एकाच पानावर दोन फरक, आणि दोघांची उत्तरं उलटी. म्हणून 'नेहमी अक्षरी धरा' किंवा 'नेहमी अंकी धरा' असा नियम करता येत नाही. पानाची बेरीज पुढच्या पानावर 'मागील पानावरून' म्हणून येते, तिथेही ती तीच आहे ना हे बघून घ्या.

स्कॅन स्वच्छ दिसतो म्हणून आकडा बरोबर, असंही समजू नका. २०१३ मध्ये जर्मनीच्या डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीन स्कॅन करताना ६ च्या जागी ८ बसवत होती. फाइल लहान करण्यासाठी मशीन एकसारखी दिसणारी चिन्हं एकच समजून एकाची प्रत दुसऱ्या जागी ठेवत होतं. आकडा पुसट नव्हता, अगदी ठसठशीत होता, फक्त चुकीचा होता. कंपनीला त्यासाठी दुरुस्ती द्यावी लागली. असा आकडा नुसता बघून कळत नाही. शेजारचा शब्द आणि खालची बेरीज यांच्याशी तो जुळला नाही तरच कळतो.

आता या तपासणीची मर्यादा. बेरीज जुळली याचा अर्थ एवढाच की नोंदवहीत काय लिहिलंय ते आपण नीट वाचलं. पैसे तेवढेच गेले, असं त्यातून सिद्ध होत नाही. बेरीजही त्याच हाताने लिहिलेली असते. पुढचा टप्पा म्हणजे त्या नोंदीचं प्रमाणक आणि चेक नंबरवरून बँकेचा उतारा. नोंदवहीत १४,६०० आणि बँकेतून १८,६०० गेलेले असतील, तर तो ४,००० चा प्रश्न खरा आहे आणि तो ग्रामसभेत विचारलाच पाहिजे.

चारही शक्यता तपासून एकही बेरीज जुळली नाही तर स्कॅनवर डोकं फोडू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये नुसती प्रत नाही, मूळ अभिलेख पाहण्याचाही हक्क आहे. 'नोंदवहीचं अमुक पान प्रत्यक्ष पाहायचं आहे' असा अर्ज द्या. शाईचा रंग, खाडाखोड, नंतर घुसवलेला आकडा हे मूळ कागदावरच दिसतं.

आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर असं टाका : पान नंबर, नोंद नंबर, अंकी किती, अक्षरी किती, पानाची बेरीज कशाशी जुळते, प्रमाणक पाहिलं की नाही. एवढं लिहिलं की समोरच्याला 'स्कॅन नीट दिसत नाही' म्हणून सुटता येत नाही. आणि ज्याने काही केलेलंच नाही, त्याच्या दारात एका वाकड्या ४ पायी गाव जमत नाही.