बटणावरचे १८० आणि आतले १८०

दिवाळीच्या आधी महिनाभर माझ्या शहापूरच्या वर्गात एकच तक्रार फिरत असते. कृती तीच, तूप तेच, मापं वाटीनं नाही तर वजनकाट्यावर मोजलेली, तरी एकीची नानकटाई पसरून पुरी होते आणि दुसरीची वरून तांबूस, आतून चिकट राहते. मी आधी कृती तपासतच नाही, घरी कोणता ओव्हन आहे ते विचारते. बहुतेकींकडे ओटीजी असतो, आणि ओटीजीच्या बटणावरचा आकडा हा आतल्या उष्णतेचा फक्त अंदाज असतो.

असं का होतं, हे बटणामागे काय आहे ते कळलं की उमगतं. साध्या ओटीजीत बटणाला जोडलेली दोन धातूंची एक पट्टी असते. तापली की ती वाकते, वाकली की सर्किट तुटतं आणि दिवा विझतो. गार झाली की ती सरळ होते आणि सळ्या पुन्हा लाल होतात. ही पट्टी बसवलेली असते बाजूच्या भिंतीपलीकडे, बटणांच्या कप्प्यात. तुमचा ट्रे असतो मधोमध. म्हणजे पट्टीला कळते ती भिंतीशेजारची उष्णता, ट्रेपाशी काय चाललंय ते नव्हे. शिवाय बटणाची खूण आणि पट्टी यांचा मेळ कारखान्यात ढोबळमानानंच घातलेला असतो. पंधरा-वीस अंशांचा फरक निघाला तर ओव्हन बिघडला असं समजायचं कारण नाही.

म्हणून चार-पाचशे रुपयांत मिळणारा, आत उभा ठेवायचा किंवा जाळीला टांगायचा तबकडीचा थर्मामीटर घ्यावा. ताप बघायचा किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला पाऱ्याचा थर्मामीटर ओव्हनमध्ये कधीही घालू नये. तो फुटला तर ओव्हनही गेला आणि त्यात भाजलेलं खाणंही. दुरून लाल ठिपका पाडून मोजायची बंदूकही इथे कामाची नाही. ती पृष्ठभाग मोजते, आणि बंद दारातून मोजायला गेलात तर काचेचंच तापमान सांगते.

आता शेजारच्या वहिनींच्या २८ लिटरच्या ओटीजीची गोष्ट सांगते, म्हणजे मोजायचं कसं ते कळेल. जाळी मधल्या खाचेत लावली, थर्मामीटर बरोबर मध्यावर आणि काचेतून वाचता येईल असा ठेवला, वरची-खालची अशा दोन्ही सळ्या चालू केल्या आणि बटण १८०वर आणलं. आठेक मिनिटांत दिवा विझला. वहिनी म्हणाल्या, "झाला की गरम!" थर्मामीटर तेव्हा जेमतेम १५० दाखवत होता. पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा पट्टी तापलेली असते, पण भिंती, जाळी आणि खुद्द थर्मामीटर मागेच असतात. बहुतेक जणी नेमक्या याच क्षणी ट्रे आत सरकवतात. पसरलेल्या नानकटाईचं निम्मं कोडं इथेच सुटतं: तूप वितळतं लवकर आणि पीठ धरतं उशिरा.

आम्ही दार न उघडता वीस-पंचवीस मिनिटं थांबलो. मग दर दोन मिनिटांनी काटा वाचून वहीत लिहायला सुरुवात केली. दिवा लागतो, विझतो, असे चार फेरे होऊ दिले. काटा वर २१५पर्यंत जायचा, खाली १९०पर्यंत यायचा. एकच आकडा वाचला असता तर फसलो असतो. मधला धरला तर २०३च्या आसपास, म्हणजे बटणापेक्षा वीस-बावीस अंश जास्त.

इथे एक मोह होतो. सगळीकडे वीस वजा करून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नये. बटण १५०वर ठेवून पुन्हा मोजलं तेव्हा मधला आकडा १६० आला, आणि २२०वर ठेवलं तेव्हा २५०च्या घरात गेला. खाली दहाचा फरक, वर तीसचा. प्रत्येक ओव्हनचा हा चढ वेगळा असतो, आणि काही ओव्हन उलट कमी तापतात. तेव्हा तीन ठिकाणी मोजून चिठ्ठी ओव्हनशेजारी भिंतीवर चिकटवली. नानकटाईला मला १६५ लागतात, म्हणून वहिनींनी बटण १५०च्या किंचित पुढे ठेवायचं ठरलं. त्या दिवशीच्या ट्रेला वर बारीक भेगा पडल्या आणि बूड फिकट बदामी निघालं. आधी त्याच कृतीची, १८०वर ठेवलेली नानकटाई कडेनं करपत होती.

थर्मामीटरही चुकू शकतो, मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? साखर मदतीला येते. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर थर्मामीटरशेजारी ठेवायची. काटा १७५च्या आसपास खालीवर होत असताना पंधरा मिनिटांत दाणे कोरडेच राहिले आणि १९५वर नेल्यावर वितळू लागले, तर थर्मामीटर कामाचा. फार वेळ ठेवलं तर साखर कमी उष्णतेवरही हळूहळू रंग धरते, म्हणून पंधरा मिनिटांपुढे ही परीक्षा ओढू नये.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्याचं काय, हेही आमच्याकडे हमखास विचारलं जातं. २३०च्या जागी २०० व्होल्ट आले तर सळीची ताकद पाऊणपटीवर येते. त्यानं ओव्हन तापायला जास्त वेळ लागतो, दार उघडल्यावर गेलेली उष्णता भरून यायलाही उशीर होतो. पण पट्टी वाकण्याचा बिंदू बदलत नाही. चिठ्ठीवरचे आकडे तेच राहतात, थांबायचा वेळ तेवढा वाढतो. थर्मामीटर आत असला की हे घड्याळाकडे न बघताच कळतं.

पूर्वी ही भानगड नव्हती, कारण दिवाळीत तूप, साखर, मैदा डब्यात घालून बेकरीत नेऊन द्यायची रीत महाराष्ट्रभर होती. भट्टीवाला आकडा बघायचाच नाही. पाव काढून झाले, भट्टी जरा उतरली की मग नानकटाईचे पत्रे आत जायचे. विटांनी धरलेली उष्णता सावकाश उतरते, काट्यासारखी खालीवर नाचत नाही. ओटीजीत ही गोष्ट थोडीफार आणता येते: खालच्या सळीच्या वर, सगळ्यात खालच्या जाळीवर जाड मातीचा तवा ठेवला की चढउतार बराच कमी होतो. मात्र तवा ठेवल्यावर नव्यानं मोजावं लागतं आणि तापवायला अर्धा तास द्यावा लागतो.

थर्मामीटर सांगतो ते त्याच्या जागेपुरतंच. मागचा कोपरा पुढच्यापेक्षा जास्त तापतो हे त्याला एका जागी ठेवून कळणार नाही. त्यासाठी पावाचे काप जाळीभर पसरून भाजावेत, कुठे आधी काळे पडतात ते दिसतं. काळा ट्रे चकचकीत ट्रेपेक्षा बूड लवकर भाजतो, तेही काटा दाखवत नाही. आणि बटण १५०वर असताना दिवा विझतच नाही, काटा २००, २२० असा चढतच चालला असेल, तर चिठ्ठी लिहीत बसू नये. पट्टीचे पॉइंट चिकटलेले असतात. थेट प्लग काढायचा आणि मेकॅनिकला बोलवायचं.