भाभीजानचा आकडा

श्रमबल सर्वेक्षणाच्या बाई घरी आल्या. भाभीजान काय करतात, असे विचारताच अम्मी म्हणाल्या, "काही नाही, घर सांभाळते." आम्हीही गप्प. तेवढ्यावर ९२ लागला असता, म्हणजे श्रमबलाच्या बाहेर. पण बाईंनी पुढे विचारले, "गेल्या सात दिवसांत दुकानाचे काही काम?"

"दुपारी मसाल्याच्या पुड्या बांधते," भाभीजान हळूच म्हणाल्या.

लगेच २१ लागला: घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस, म्हणजे कामावर. आठवड्यात एक तासही पुरतो. घरचा स्वयंपाक मात्र दिवसभर केला तरी मोजत नाहीत. नोकरी शोधणाऱ्या आमच्या धाकट्या बहिणीला ८१, म्हणजे बेकार. कमाईचा प्रश्न भाईजानना विचारला. भाभीजानना विचारलाच नाही.