कोण सांगून राहिलं, कोणाले?

कळमेश्वरला आम्ही काहीजण थंडीच्या दिवसांत संध्याकाळी महाभारत वाचतो. बहुतेकांनी ते पहिल्यांदाच हातात घेतलेले असते, आणि आदिपर्वाची थोडी पाने झाली की कोणीतरी विचारतेच, "मास्तर, हे कोण सांगून राहिलं अन् कोणाले?" माझ्या मते महाभारत वाचायला बसणाऱ्याने सतत विचारावा असा हाच प्रश्न आहे. कथा समजत नाही म्हणून माणूस या ग्रंथात क्वचितच हरवतो. सांगणारा आणि ऐकणारा नजरेआड झाले की मात्र हमखास हरवतो.

ग्रंथाची बाहेरची चौकट आधी पक्की करून घ्यावी. नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना उग्रश्रवा सौती कथा सांगतो. जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाने जे सांगितले, तेच तो पुन्हा सांगतो आहे. वैशंपायनाच्या कथेत पांडव वनवासात आहेत, तिथे एखादा ऋषी येतो आणि युधिष्ठिराला तिसरीच गोष्ट सांगू लागतो. मग त्या गोष्टीतली पात्रे एकमेकांशी बोलतात. शौनक, जनमेजय आणि युधिष्ठिर या तीन श्रोत्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली, तरी निम्मा गोंधळ मिटतो.

सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर ग्रंथानेच दिले आहे. आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात सौती सांगतो, की कोणी भारत मनूपासून वाचतात, कोणी आस्तीकाच्या कथेपासून, तर कोणी उपरिचर राजापासून. उपाख्याने वगळली तर भारतसंहिता चोवीस हजार श्लोकांची, असेही तिथेच म्हटले आहे. नवख्याला मी उपरिचर वसूपासून बसवतो, कारण तिथून सत्यवती, व्यास आणि कुरुवंश ओळीने येतात. सर्पसत्राची पार्श्वकथा नंतर वाचता येते. दुसरा अध्याय पर्वसंग्रहाचा. सगळ्या पर्वांत काय काय आहे याची ती ग्रंथातलीच यादी आहे. ती सलग वाचायची नाही, खूण घालून हाताशी ठेवायची.

आता वही कशी ठेवायची ते नलाख्यानावरून सांगतो. ते निवडण्याचे कारण असे, की दमयंती आपल्या विदर्भाच्या राजाची लेक, त्यामुळे आमच्याकडचा वाचक ते आपले म्हणून ऐकतो. भांडारकर संस्थेने 1919 साली हाती घेऊन 1966 साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हे आख्यान आरण्यकपर्वाच्या 50 ते 78 या अध्यायांत आहे. एवढे लांब आख्यान वाचताना पांडवांचा वनवास मागे पडतो आणि वाचक नेमका इथेच भरकटतो.

आख्यान सुरू होण्याआधी मी वहीत चार गोष्टी लिहायला लावतो. सांगतो कोण? बृहदश्व ऋषी. ऐकतो कोण? युधिष्ठिर. कशावरून निघाली गोष्ट? अर्जुन अस्त्रे मिळवायला इंद्रलोकी गेला आहे, उरलेले पांडव आणि द्रौपदी काम्यकवनात आहेत, भीम चिडला आहे आणि युधिष्ठिर विचारतो की माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला आहे का. चौथी जागा कोरी सोडायची. गोष्ट संपल्यावर ऐकणाऱ्याच्या हाती काय आले, ते तिथे लिहायचे.

वाचताना दोन खुणांवर लक्ष ठेवावे. पहिली, ‘बृहदश्व उवाच’ यासारख्या ओळी. मराठी भाषांतरांत त्या ‘बृहदश्व सांगतात’ अशा काही रूपात येतात आणि घाईत वाचणारा त्या ओलांडून जातो. दुसरी खूण म्हणजे संबोधने. ‘कौंतेया’ आले की ऐकणारा कुंतीचा मुलगा असतो, जनमेजय नव्हे. पण ‘राजा’ किंवा ‘भारता’ आले तर थांबावे, कारण ही संबोधने दोघांनाही लागू पडतात. इथे नावांचाही एक सापळा आहे. दमयंतीच्या बापाचे नावही भीमच, आणि दुसरा भीम ही गोष्ट ऐकत बसला आहे. वहीत ‘विदर्भाचा भीम’ असे वेगळे लिहावे.

आपण हरवलो की नाही, हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. पुस्तक मिटावे आणि स्वतःला विचारावे, की या क्षणी अर्जुन कुठे आहे? उत्तर आले नाही, तर पुढे न जाता बाहेरच्या निवेदकाचे शेवटचे ‘उवाच’ शोधावे आणि तिथून पुन्हा वाचावे.

कथेत नल पुष्कराशी द्यूत खेळून राज्य हरतो. पुष्कर म्हणतो, दमयंतीला पणाला लाव. नल काही न बोलता अंगावरचे दागिने उतरवतो आणि एका वस्त्रानिशी निघून जातो. ही गोष्ट कोण ऐकतो आहे? ज्याने द्रौपदीला पणाला लावले तो. ऐकणारा डोळ्यांसमोर नसेल, तर हा प्रसंग नुसती हकीकत राहतो. पुढे फासे कळू लागल्यावर, परतीच्या डावात नलही दमयंतीला पणाला लावतो. म्हणजे नल चांगला आणि युधिष्ठिर वाईट असा सरळ हिशेब व्यास करू देत नाहीत. दोन्ही डाव वहीत समोरासमोर लिहावेत.

मधल्या भागात नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भाकडे भरधाव येताना ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याची पाने आणि फळे क्षणात मोजून सांगतो. नल त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या घेतो आणि बदल्यात घोड्यांची विद्या द्यायचे कबूल करतो. बेहडा आपल्या रानातला, आणि त्याच्या बियाच तेव्हा फासे म्हणून खेळायला वापरत. आख्यान संपते तेव्हा बृहदश्व ही अक्षविद्या युधिष्ठिराला देतो. आता वहीतली चौथी जागा भरते. आतल्या गोष्टीतली वस्तू बाहेरच्या गोष्टीतल्या माणसाच्या हाती आली. विराटपर्वात युधिष्ठिर कंक नाव घेऊन राजाचा द्यूतातला सोबती होतो, तेव्हा तीच विद्या त्याच्या उपयोगी पडते. नलाने नाव बदलून चाकरी केली, तशीच आता त्याला करायची आहे. आडवाट वाटलेल्या कथेने पुढच्या पर्वाची तयारी करून ठेवलेली असते.

ही चार प्रश्नांची रीत इतरत्र ताडून पाहता येते. त्याच पर्वात पुढे जयद्रथ द्रौपदीला पळवतो, पांडव तिला सोडवून आणतात, आणि युधिष्ठिर मार्कंडेयांना पुन्हा तेच विचारतो, माझ्याहून दुर्दैवी कोणी आहे का? या वेळी उत्तर म्हणून रामाची कथा येते. द्यूताच्या जखमेवर नल, पत्नीहरणाच्या जखमेवर राम. प्रश्न तोच, पण विचारणाऱ्याचे दुःख बदलले की उपाख्यान बदलते.

रीतीला मर्यादाही आहेत. तीर्थयात्रेत लोमश ऋषी पांडवांबरोबर फिरतात आणि तिथल्या बऱ्याच कथा वाटेवरच्या स्थळावरून निघतात. अगस्त्य आणि विदर्भाच्या राजाघरी वाढलेली लोपामुद्रा यांची कथा त्यांतलीच. अशा ठिकाणी वहीत ‘कशावरून’च्या जागी स्थळ लिहावे. शांती आणि अनुशासन पर्वांत शरपंजरी भीष्म उत्तरे देतो, त्या उत्तरांत जुने संवाद येतात आणि त्या संवादांत पुन्हा कथा. पहिल्या वाचनात ही दोन पर्वे बाजूला ठेवावीत आणि स्त्रीपर्वानंतर आश्वमेधिकाकडे वळावे. दुसऱ्या वाचनात तोवर भीष्माला प्रश्न विचारणारा युधिष्ठिर पुरता ओळखीचा झालेला असतो.

उपाख्याने गाळून मूळ कथा तेवढी वाचायचा मोह होईल, पण तसे करू नका. युधिष्ठिराला फासे कुठे कळले, हे उपाख्यानातच आहे. एक वही घ्या, नलाख्यानापुरते चार प्रश्न लिहून बघा, आणि चौथी जागा भरल्याशिवाय पुढच्या अध्यायाला हात लावू नका.