रेघेवरचं क्रियापद

चाकणच्या आमच्या संध्याकाळच्या मराठीच्या वर्गात बहुतेक मुलं कारखान्यांतल्या कामगारांची, घरी हिंदी बोलणारी. आज फळ्यावर शब्दजाळं काढलं. मधोमध ‘इंद्रायणी’, भोवती सांडपाणी, फेस, जलपर्णी, कचरा. आळंदीचा फेस सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे शब्द भराभर आले. वाक्यं मात्र येईनात. ‘नदीत फेस करतो,’ एकाने लिहिलं.

नुसत्या नामांचं जाळं म्हणजे वाणसामानाची यादी. म्हणून प्रत्येक रेघेवर क्रियापद लिहायला लावलं: कचरा टाकतात, सांडपाणी सोडतात, फेस येतो, जलपर्णी वाढते. मग वाक्य जुळलं: ‘नदीत सांडपाणी सोडतात, म्हणून पाण्यावर फेस येतो.’ त्या ‘म्हणून’साठी दोन शब्दांमध्ये बाण काढला.

आरोग्य, तंत्रज्ञान, शिक्षण यांचीही जाळी करायची आहेत. ‘दूषित पाणी’ एका मुलीने थेट आरोग्याच्या जाळ्यात नेलं. तिथे रेघा बदलल्या: ताप येतो, कावीळ होते, जुलाब लागतात. तंत्रज्ञानाचं जाळं सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून सुरू करता येईल. शिक्षणाचं अजून रिकामंच आहे.

एका जाळ्यात आठ-दहा शब्द पुरेत. आणि परीक्षा घ्यायची तर फळा पुसून घ्यावी: शब्द आठवला पण क्रियापद अडलं, तर तो शब्द अजून मुलाचा झालेला नाही.